सिग्नल फुल, तरी नेट रखडतं: जुन्या लॅपटॉपचं एका बँडचं वाय-फाय कार्ड आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टरचा उपाय

तक्रार साधारण अशी असते. दुपारी नेट ठीकठाक चालतं. संध्याकाळी सात-साडेसात झाले की लॅपटॉपवरचा व्हिडिओ कॉल अडकायला लागतो, आवाज तुटतो, साधं पान उघडायलाही वेळ लागतो. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर मात्र त्याच वाय-फायवर सगळं सुरळीत चालू असतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, त्यामुळे सिग्नल कमी आहे असंही म्हणता येत नाही. राउटर बंद करून चालू केला की बरं होतं आणि एखाद-दोन दिवसांनी पुन्हा तेच सुरू होतं.

मग प्लॅन वाढवला जातो, विंडोज नव्याने टाकलं जातं, कोणी राउटरच बदलतो. लॅपटॉप दहा-बारा वर्षांपूर्वीचा आणि कमी किंवा मध्यम किमतीचा असेल, तर माझा पहिला संशय त्याच्या आतल्या वाय-फाय कार्डावर असतो. घरचं वाय-फाय साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडांवर, चालतं. त्या काळच्या अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, एकाच अँटेनाच्या जोरावर बोलणारं कार्ड बसवलेलं असायचं. ते बिघडलेलं नसतं. त्याची कुवतच तेवढी असते. पण काही विकत घेण्याआधी हे सिद्ध करून घ्यावं, आणि ते पाच मिनिटांत होतं.

माझ्या मावशीच्या लॅपटॉपचंच उदाहरण घेतो, कारण त्यात हा दोष अगदी स्वच्छ दिसला. तिने प्लॅन वाढवून १५० एमबीपीएसचा घेतला होता आणि फरक शून्य. "आता राउटर नवा आणू का रे?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "थांब मावशी, आधी लॅपटॉपलाच विचारू."

कार्डाला काय येतं आणि काय नाही

विंडोजमध्ये स्टार्ट मेन्यूत `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show drivers
```

बरीच माहिती येते. त्यातली एकच ओळ शोधायची. मावशीच्या लॅपटॉपवर ती अशी होती:

```
Radio types supported     : 802.11b 802.11g 802.11n
```

इथेच निम्मा निकाल लागतो. या यादीत `802.11a` किंवा `802.11ac` नसेल, तर कार्डाला ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: नुसत्या `802.11n` वरून काही ठरत नाही, कारण ते दोन्ही बँडांवर चालू शकतं. खूण आहे ती `a` ची. जुन्या कार्डाच्या यादीत `802.11a` दिसलं, तर त्याला ५ गिगाहर्ट्झ येतं आणि नवीन काही घेण्याची गरज नसू शकते. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Network adapters` खाली त्या कार्डावर डबल-क्लिक करून `Advanced` टॅबमध्ये `Preferred Band` असा पर्याय आहे का बघा आणि त्यात ५ गिगाहर्ट्झला पसंती द्या. किती तरी वेळा एवढ्यावरच काम भागतं.

आज्ञा न देता कळणारी एक खूणही आहे. राउटर दोन्ही बँडांना वेगळी नावं देत असेल, म्हणजे एक साधं नाव आणि एक शेवटी 5G लावलेलं, तर मोबाइलच्या यादीत दोन्ही नावं दिसतात आणि लॅपटॉपच्या यादीत एकच. मावशीकडे अगदी हेच होतं. लॅपटॉपच्या यादीत ते दुसरं नाव कधीच आलं नव्हतं, आणि नसलेल्या गोष्टीकडे कोणाचं लक्ष जाणार?

आता किती वेगाने बोलतंय ते बघा

दुसरी आज्ञा:

```
netsh wlan show interfaces
```

मावशीकडे यातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
Radio type             : 802.11n
Channel                : 6
Receive rate (Mbps)    : 72.2
Transmit rate (Mbps)   : 72.2
Signal                 : 92%
```

सिग्नल ९२ टक्के, म्हणजे रेघा भरलेल्या दिसणारच. पण खरी गोष्ट ७२.२ या आकड्यात आहे. एका अँटेनाचं `n` कार्ड २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर जास्तीत जास्त याच दराने बोलू शकतं. राउटरच्या अगदी मांडीवर लॅपटॉप ठेवला तरी हा आकडा वाढत नाही. क्वचित राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंदी देत असेल तर १५० दिसतो, पण आजूबाजूला दुसरी वाय-फाय असली की बरेच राउटर स्वतःहून २० वर येतात.

शिवाय हा हवेतला कागदी दर आहे. वाय-फायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोच द्यावी लागते, दोन पाकिटांमध्ये थोडं थांबावं लागतं, आणि पाठवणं व घेणं एकाच चॅनेलवर आळीपाळीने होतं. त्यामुळे हातात साधारण निम्मं पडतं. हवा मोकळी असताना ७२ मधले ३५ ते ४५ मिळाले तर कार्ड आपलं काम चोख करतंय असं समजा. मावशीला दुपारी ३५ च्या आसपास मिळत होते. म्हणजे १५० चा प्लॅन असो की ५० चा, लॅपटॉपला काहीच फरक पडणार नव्हता.

पण मग संध्याकाळीच का?

कारण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अरुंद आहे. त्यात १ ते १३ असे चॅनेल दिसतात खरे, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक वाय-फायला किमान २० लागतात. त्यामुळे एकमेकांना न अडवता चालणारे चॅनेल तीनच उरतात: १, ६ आणि ११. इमारतीतली जेवढी २.४ ची वाय-फाय असतील, ती सगळी या तिघांत वाटली जातात. वाय-फायचा नियम असा की बोलण्याआधी ऐकायचं, चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. संध्याकाळी सगळे घरी आले की थांबणंच वाढत जातं. त्यात आपलं कार्ड हळू बोलणारं, म्हणून तेवढाच मजकूर पाठवायला त्याला चॅनेल जास्त वेळ धरून ठेवावा लागतो आणि पुन्हा पाळी यायला वाट बघावी लागते. सिग्नलचा टक्का यातलं काहीच सांगत नाही. राउटरचा आवाज किती मोठ्याने ऐकू येतोय, एवढंच त्यातून कळतं. बोलायला संधी किती मिळते हे त्यात नसतं.

राउटर बंद-चालू केल्यावर बरं का होतं, तेही यातच आहे. चॅनेल `Auto` वर असेल तर बरेच राउटर चालू होताना आजूबाजूला कान देतात आणि त्या क्षणी कमी गर्दीचा चॅनेल निवडतात. दुपारी रीस्टार्ट केला तर दुपारच्या गर्दीनुसार निवड होते आणि संध्याकाळी तीच निवड अंगाशी येते. म्हणून दोष जातो आणि परत येतो, आणि माणूस विनाकारण राउटरवर शंका घेत राहतो.

गर्दी हेच कारण आहे याची खात्री करायला मी नेहमी राउटरलाच पिंग करतो, म्हणजे त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघतो. स्पीड टेस्टमध्ये हवा, राउटर, कंपनीची लाइन आणि पलीकडचा सर्व्हर हे सगळं एकत्र मोजलं जातं. राउटरपर्यंतच्या पिंगमध्ये फक्त तुमच्या लॅपटॉप आणि राउटरमधली हवा मोजली जाते. राउटरचा पत्ता `ipconfig` मध्ये `Default Gateway` समोर असतो. तो बहुतेक असा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

दुपारी मावशीच्या लॅपटॉपवर उत्तरं २ ते ४ मिलिसेकंदांत येत होती. संध्याकाळी त्याच खुर्चीत, त्याच टेबलावर ती ६० वर गेली, मध्येच ३०० च्या आसपास, आणि अधूनमधून `Request timed out`. स्पीड टेस्ट ७ ते ९ वर आली होती. त्याच वेळी ५ गिगाहर्ट्झवरच्या मोबाइलला १४० च्या वर मिळत होते. म्हणजे लाइन चांगली, राउटर चांगला, गोंधळ फक्त २.४ च्या हवेत. व्हिडिओ कॉलला खरं तर ७ एमबीपीएसही पुरतात. तो तुटतो ते या उशिराच्या धक्क्यांमुळे, म्हणून मी वेगापेक्षा पिंगकडे जास्त बघतो.

तुमच्याकडे राउटरपर्यंतचा पिंग संध्याकाळीही २-४ च राहत असेल आणि `ping 8.8.8.8`, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटपर्यंतचा पिंग, मात्र बिघडत असेल, तर दोष घराबाहेरच्या लाइनमध्ये आहे. मग अ‍ॅडॉप्टर घेऊ नका, काही उपयोग होणार नाही.

लॅनची तार लावून तपासायची असेल तर एका फसगतीपासून सावध राहा. अशा जुन्या लॅपटॉपचं लॅन पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे तारेवरही ९४ च्या आसपासच मिळतात. मावशीकडेही तेवढेच आले. १५० च्या प्लॅनमध्ये ९४ बघून कंपनीने फसवलं असं वाटू शकतं, पण तिथे अडवणारं लॅपटॉपचं पोर्ट असतं.

आणखी एक गोष्ट तपासा: कॉल ब्लूटूथ हेडफोनवर घेतल्यावरच जास्त तुटतो का? या कार्डांमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बऱ्याचदा एकाच चिपवर असतात, एकच अँटेना वापरतात, आणि ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. दोघांना वेळ वाटून घ्यावी लागते. हेडफोनमध्ये आवाज सलग जायचा असतो, म्हणून वाय-फायच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मावशीचा हेडफोन बंद केल्याबरोबर पिंग खाली आला, तेव्हा तिलाही पटलं.

अ‍ॅडॉप्टर घेताना सगळ्यात मोठी चूक

उपाय स्वस्त आहे: दोन बँडांचं यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॉप्टर. ते यूएसबीत लावायचं, त्याने ५ गिगाहर्ट्झवर जोडून घ्यायचं आणि आतलं कार्ड बाजूला ठेवायचं. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा कितीतरी रुंद आहे, ८० मेगाहर्ट्झचे चॅनेल मिळतात, आणि हे सिग्नल भिंतींत लवकर विरत असल्याने शेजाऱ्यांची वाय-फाय आपल्यापर्यंत कमी पोचतात.

पण सगळ्यात स्वस्त, नखाएवढी जी अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्यातली बरीच पुन्हा फक्त २.४ चीच असतात. डब्यावर 150Mbps, 300Mbps, N150 किंवा N300 असं काही लिहिलेलं असेल तर ती जवळपास नक्की एका बँडची. लोक ३०० वाचून घेतात, आतल्या कार्डाच्या जागी तसंच दुसरं कार्ड बाहेर लावतात आणि "अ‍ॅडॉप्टरने काही होत नाही" असं सांगत फिरतात. अलीकडे तर वाय-फाय ६ असं ठळक छापलेली, AX286 किंवा AX300 अशा आकड्यांची छोटी अ‍ॅडॉप्टर दिसतात. तीही फक्त २.४ वर चालतात. पिढी नवी आहे, पण गर्दी तीच.

म्हणून मोठ्या अक्षरांकडे न बघता बारीक अक्षरांत 5GHz हे शब्द शोधा, आणि दोन बँडांचे दोन आकडे वेगवेगळे दिलेत का बघा. AC600 म्हणजे ५ वर ४३३ आणि २.४ वर १५० किंवा २००, राऊंड करून ६०० केलेले. AC1200 किंवा AC1300 म्हणजे ५ वर ८६७ आणि २.४ वर ३०० किंवा ४००. ही बेरीज निव्वळ विक्रीसाठी असते, कारण अ‍ॅडॉप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडलेलं असतं. आपल्या कामाचा आकडा फक्त ५ समोरचा.

१५०-२०० पर्यंतच्या प्लॅनला AC600 पुरतं, आणि जुन्या लॅपटॉपसाठी मला तेच योग्य वाटतं. यूएसबी २.० चा कागदी वेग ४८० एमबीपीएस आहे, प्रत्यक्षात ३०० च्या आसपासच हाती येतात. ४३३ च्या जोडणीतून मिळणारे दोनशेच्या आसपासचे एमबीपीएस त्यात आरामात बसतात. लॅपटॉपला निळं यूएसबी ३.० पोर्ट असेल आणि प्लॅन ३०० च्या वरचा असेल, तरच AC1200 चा पूर्ण फायदा मिळतो.

आकाराबद्दल माझं स्पष्ट मत आहे: नखाएवढं घेऊ नका. त्यात अँटेनाला जागाच नसते आणि ते लॅपटॉपच्या अंगाला चिकटून बसतं, वर तापतं. बोटाएवढं लांब किंवा छोटी घडीची अँटेना असलेलं घ्या आणि सोबत अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर ठेवा. वायरमुळे अ‍ॅडॉप्टर टेबलावर मोकळ्या जागी उभं करता येतं आणि लॅपटॉप उचलताना धक्का लागून पोर्ट सैल होत नाही.

बसवताना

आतलं कार्ड लगेच बंद करू नका. अ‍ॅडॉप्टरला ड्रायव्हर लागला तर तो उतरवायला नेट कुठून आणणार? विंडोज १० आणि ११ बहुतेक चिप स्वतः ओळखतात किंवा ड्रायव्हर अपडेटमधून घेतात. काही अ‍ॅडॉप्टर लावल्यावर एक सीडी ड्राइव्ह उगवल्यासारखी दिसते आणि वाय-फाय काही दिसत नाही. घाबरू नका. ड्रायव्हर त्या अ‍ॅडॉप्टरच्या पोटातच ठेवलेला असतो. ती ड्राइव्ह उघडून `setup.exe` चालवलं की ड्राइव्ह नाहीशी होते आणि अ‍ॅडॉप्टर वाय-फाय म्हणून पुढे येतं.

यानंतर पुन्हा `netsh wlan show drivers` द्या. आता दोन भाग दिसतील, `Wi-Fi` आणि `Wi-Fi 2`. दुसऱ्यात `802.11a` आणि `802.11ac` आहे याची खात्री करा. टास्कबारवरच्या वाय-फायच्या यादीत `Wi-Fi 2` निवडून ५ गिगाहर्ट्झच्या नावाशी जोडा. राउटरने दोन्ही बँडांना एकच नाव दिलं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती नावं वेगळी करा, निदान तपासण्यापुरती तरी. नाही तर अ‍ॅडॉप्टर २.४ वर जाऊन बसलं तर पत्ता लागणार नाही.

५ चं नाव मोबाइलला दिसतं आणि अ‍ॅडॉप्टरला दिसत नाही, असंही होतं. तेव्हा राउटर कोणत्या चॅनेलवर आहे ते बघा. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडार ऐकू आलं की राउटरला तिथून उठावं लागतं, आणि काही स्वस्त अ‍ॅडॉप्टर या चॅनेलांवर नीट शोधतच नाहीत. राउटरवर ५ चा चॅनेल `Auto` वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ करा. नाव दिसायला लागतं. नाव दिसतं पण पासवर्ड देऊनही जोडलं जात नसेल, तर राउटरची सुरक्षा सेटिंग फक्त `WPA3` वर आहे का बघा आणि `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय निवडा.

सगळं जुळलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Network adapters` खालच्या जुन्या कार्डावर राइट-क्लिक करून `Disable device` करा. ही पायरी बरेच जण सोडतात. लॅपटॉप झोपेतून उठला की आतलं कार्ड अनेकदा आधी जागं होतं, ओळखीच्या २.४ ला जोडून घेतं, आणि माणसाला वाटतं अ‍ॅडॉप्टर चालेनासं झालं. ब्लूटूथची काळजी नको. एकाच चिपवर असलं तरी विंडोजच्या दृष्टीने ते वेगळं उपकरण आहे, ते चालू राहतं. उलट वाय-फाय तिथून निघून गेल्याने अँटेना पूर्ण त्याच्या वाट्याला येते. मावशीचा हेडफोनही आता कॉलमध्ये तुटत नाही.

तिच्याकडे AC600 लावल्यावर त्याच टेबलावर आकडे असे आले:

```
Radio type             : 802.11ac
Channel                : 44
Receive rate (Mbps)    : 433.3
```

स्पीड टेस्ट १४० च्या आसपास, राउटरचा पिंग २-३, आणि संध्याकाळीही तेवढाच. मधल्या भिंतीपलीकडच्या खोलीत जोडणी १९५ वर आली, वेग शंभराच्या जरा वर. आणखी एक भिंत ओलांडल्यावर ती ६५ वर उतरली. तरीही तिथे पिंग स्थिर राहिला आणि कॉल न तुटता चालला. जोडणीचा आकडा जुन्या ७२ पेक्षा कमी, पण अनुभव जास्त चांगला, कारण ती हवा मोकळी आहे.

काही दिवसांनी मध्येच तुटायला लागलं तर

इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. तुटताना विंडोजचा उपकरण काढल्याचा आवाज येतो का, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून अ‍ॅडॉप्टरच काही सेकंद नाहीसं होतं का? तसं असेल तर वाय-फायचा संबंध नाही. वीज, उष्णता किंवा सैल पोर्ट, या तिघांपैकी एक कारण असतं. अ‍ॅडॉप्टर यादीत कायम आहे आणि फक्त जोडणी तुटते, तर सिग्नल किंवा राउटरचा चॅनेल बघा.

पहिल्या प्रकारात मी आधी विजेची बचत बंद करतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडॉप्टरच्या `Power Management` टॅबमधली `Allow the computer to turn off this device to save power` ही खूण काढायची. मग कंट्रोल पॅनेलच्या `Power Options` मध्ये चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमधून `USB selective suspend setting` हे `Disabled` करायचं, बॅटरी आणि चार्जर दोन्हीसाठी. झोपेतून उठल्यावर अ‍ॅडॉप्टर गायब होण्याची तक्रारही बहुधा याने जाते. तरीही तुटत असेल तर दुसरं पोर्ट, मग एक्स्टेन्शन वायर. हाताला चटका बसण्याइतकं तापत असेल तर वायरवर बाहेर काढल्याने नक्की फरक पडतो. स्वतःची वेगळी वीज नसलेल्या यूएसबी हबवर, माउस आणि हार्ड डिस्कच्या गर्दीत, ते लावू नका.

काही कारणाने अ‍ॅडॉप्टर २.४ वरच चालवावं लागणार असेल, तर यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क त्याच्यापासून लांब ठेवा. यूएसबी ३.० च्या तारा आणि पोर्टमधून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सुटतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. ५ गिगाहर्ट्झला हा त्रास होत नाही.

लिनक्स असेल तर तपासणी `iw list` ने होते: त्यात `Band 1` म्हणजे २.४ आणि `Band 2` म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. `Band 2` नसेल तर कार्ड एका बँडचं. पण लिनक्सवर अ‍ॅडॉप्टर घेताना डब्यावरचा वेग दुय्यम आणि आतली चिप महत्त्वाची. `MT7610U` आणि `MT7612U` चे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, लावलं की चालतं. `RTL8811CU` आणि `RTL8821CU` साठी कर्नल ६.२ किंवा नंतरचा हवा. त्याआधीच्या कर्नलवर ड्रायव्हर हाताने बांधावा लागतो आणि कर्नल बदलला की पुन्हा बांधावा लागतो, म्हणून मी तो रस्ता कोणाला सुचवत नाही. `lsusb` मध्ये `0bda:1a2b` दिसलं तर अ‍ॅडॉप्टर अजून सीडीच्याच रूपात आहे. त्याला असं बाहेर काढा:

```
sudo usb_modeswitch -K -v 0bda -p 1a2b
```

आतलंच कार्ड का बदलू नये, असं विचारणारे भेटतात. बदलता येतं, आणि यूएसबीचं पोर्टही मोकळं राहतं. पण त्या काळच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच कोरलेली असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही, अनधिकृत कार्ड काढा असा संदेश देऊन थांबतो. शिवाय एका अँटेनाच्या लॅपटॉपमध्ये पडद्याच्या चौकटीतून तारही बऱ्याचदा एकच आलेली असते, म्हणजे दोन अँटेनांचं कार्ड बसवूनही दुसरी अँटेना जोडायला काही नसतं. लॅपटॉप उघडायची सवय असेल आणि बायोसची अडचण नाही हे आधीच माहीत असेल, तरच त्या वाटेला जा.

राउटर दोन-तीन भिंतींपलीकडे असेल आणि तिथे मोबाइललाही ५ चं नाव अर्धवटच मिळत असेल, तर मात्र अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी मोबाइल हातात घेऊन लॅपटॉपच्या जागी बसा, मोबाइल ५ च्या नावाशी जोडा आणि वेग मोजा. अ‍ॅडॉप्टरकडून त्याहून फार जास्तीची अपेक्षा ठेवता येत नाही. तिथे मोबाइलच रडत असेल, तर आधी राउटरची जागा बदला किंवा तिथपर्यंत लॅनची तार न्या. जुन्या पोर्टवरचे ९४ एमबीपीएस कुठल्याही कॉलला भरपूर पुरतात.